विसावा माणूस

गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे मुख्य गाव, वेदगंगेच्या काठचे, कोल्हापूरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर. बाजारपेठेतून एक फेरी मारली तर इथे रोजगार कसा वाटला गेला आहे ते दिसते. गॅरेजमध्ये मिस्त्री आणि चार-पाच पोरे. कापडाच्या दुकानात सहा जण. बेकरीत भट्टीवर तीन, काउंटरवर दोन. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डर, हेल्पर आणि स्वतः मालक. मेडिकल, छापखाना, खानावळ, पतसंस्थेची शाखा. सगळीकडे माणसे मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरतात. ही माणसे रोज वेळेवर येतात, महिन्याला पगार घेतात, मालकाच्या सांगण्याप्रमाणे काम करतात. नोकरीची व्याख्या कुठल्याही बाजूने लावा, हे नोकरच आहेत. तरी यातल्या बहुतेकांच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे लोकांच्या भाषेत पीएफचा, एक रुपया कापला जात नाही आणि मालकही भरत नाही.

याचे पहिले कारण म्हणून आपण लगेच मालकाच्या लबाडीकडे बोट दाखवतो. लबाडी असते, तिच्याकडे पुढे येतोच. पण गारगोटीसारख्या गावात ती मुख्य गोष्ट नाही. इथला मालक बहुतेक वेळा कायदा मोडत नाही, कारण कायदा त्याच्या दारापर्यंत येतच नाही. पीएफचा कायदा वीस माणसांच्या आस्थापनेपासून सुरू होतो. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, कारखान्यात दहा माणसांपासून. त्यावर पगाराची मर्यादा: पीएफसाठी महिना १५,००० रुपये, ईएसआयसाठी २१,०००. म्हणजे कामगाराला आधार मिळेल की नाही, हे त्याच्या गरजेवर ठरत नाही. शेजारी आणखी किती जण काम करतात आणि पगारपत्रकावर कोणता आकडा आहे, यावर ठरते.

वीस या आकड्याचा प्रत्यक्ष परिणाम पाहण्यासाठी एक हिशेब करू. भुदरगड, आजरा, चंदगड हा काजूचा पट्टा. समजा, गारगोटीजवळ काजूप्रक्रियेची एक शेड आहे. बी उकडणे, फोडणे, साल काढणे, प्रतवारी, पॅकिंग अशा कामांवर एकोणीस जण आहेत, बहुतेक बायका. हिशेबाच्या सोयीसाठी प्रत्येकीचा पगार महिना १२,००० रुपये धरू. दहाच्या वर माणसे असल्याने ईएसआय लागू आहे. त्यात मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, म्हणजे माणशी ३९० रुपये. कामगाराचा पाऊण टक्का, म्हणजे ९० रुपये. हे ओझे मालकाला पेलते.

आता मागणी वाढली आणि विसाव्या बाईला कामावर घ्यायचे आहे. तिचा पगार १२,०००, अधिक ईएसआयचे ३९०. एवढाच खर्च असता तर ती उद्यापासून कामावर आली असती. पण ती आली त्या दिवसापासून पीएफ लागू होतो, आणि तो फक्त तिला लागू होत नाही, वीसही जणींना होतो. मालकाने पगाराच्या बारा टक्के भरायचे, शिवाय अर्धा टक्का ठेवसंलग्न विम्यासाठी आणि अर्धा टक्का प्रशासकीय खर्चासाठी. एकूण तेरा टक्के, म्हणजे माणशी १,५६०. वीस जणींचे ३१,२०० रुपये दरमहा. बारा हजारांच्या कामगारामुळे मालकाचा महिन्याचा खर्च ४३,५९० रुपयांनी वाढतो.

या आकड्याजवळ उभा असलेला कोणताही व्यापारी थबकणारच. त्यात आणखी एक गोष्ट आहे. कायदा एकदा लागू झाला की पुढे माणसे पंधरावर आली तरी तो सुटत नाही. हे कलम कामगाराच्या बाजूचे आहे. नाहीतर दर महिन्याला एक-दोघांना घरी पाठवून हिशेब शून्यावर आणता आला असता. पण मालकाच्या मनात त्याची भीती वेगळीच बसते. एका हंगामाच्या तेजीत वीस केले तर मंदीतही ते कायमचे मागे लागतील, असा तो विचार करतो आणि एकोणीसवर थांबतो.

थांबतो, म्हणजे काम थांबत नाही. फोडलेला काजू पोत्यांत भरून साल काढायला घरोघरी जातो, किलोमागे मजुरी ठरते. किंवा त्याच शेडच्या मागच्या भागाला मालकाच्या भावाच्या नावाची पाटी लागते. दोन फर्म, दोन बिलबुके, प्रत्येकीत बारा माणसे. किंवा शेवटच्या तिघींची नावे हजेरीपटावर चढतच नाहीत आणि त्यांना पगार रोख दिला जातो. इथे लबाडी सुरू होते, आणि कायद्याकडे तिला उत्तर आहे. ठेकेदारामार्फत आणलेला माणूसही मोजणीत धरायचा असतो. तुकड्यावर काम करतो म्हणून कुणी मोजणीबाहेर जात नाही. विडी घरी वळणाऱ्या कामगारांनाही पीएफचा कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने पी. एम. पटेल अँड सन्स या प्रकरणात मान्य केले, आणि निपाणीच्या बाजूला ज्यांच्या घरी विड्या वळल्या जातात त्यांना याचे मोल कळेल. दोन पाट्या असल्या तरी मालकी, पैसा, व्यवस्थापन आणि माणसे एकमेकांत मिसळलेली असतील, एक बंद पडली तर दुसरी चालू शकत नसेल, तर दोन्ही मिळून एकच आस्थापना धरली जाते.

उलट बाजूही आहे. एक दिवस गाडी रिकामी करायला बोलावलेले चार हमाल मोजणीत धरून कुणावर वीसचा आकडा लादता येत नाही. १९७१ साली हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की धंद्याच्या नेहमीच्या ओघात ठेवलेली माणसे मोजायची, अचानक उद्भवलेल्या निकडीला थोड्या वेळासाठी आणलेली नाहीत. त्यामुळे पीएफ कार्यालयाच्या चौकशीत भांडण बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर होते: हजेरीपटावर नसलेली ती दोन-तीन माणसे नेहमीची होती की नाही? आणि ते सिद्ध करण्याचे साधन, म्हणजे हजेरीपट, पगारपत्रक, मजुरीच्या पावत्या, हे सगळे मालकाच्या कपाटात असते. किलोवर साल काढणाऱ्या बाईकडे पुरावा म्हणून बहुधा तिची स्वतःची वही असते, तीही असली तर.

आता एकोणीसच्या आणि वीसच्या शेडमधला फरक कामगाराच्या बाजूने पाहू. वीसच्या शेडमधल्या बाईच्या पगारातून पीएफचे १,४४० आणि ईएसआयचे ९० जातात. हातात १०,४७० येतात, आणि ते कमी झालेले तिला टोचतात. पण मालकाच्या १,४४० मधले १,००० रुपये निवृत्तिवेतन योजनेत जातात, ४४० तिच्या खात्यात. दहा वर्षे भरली तर साठीला नाही, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. नोकरीत असताना ती गेली तर ठेवसंलग्न विम्यातून कुटुंबाला कमाल सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते, आणि जोडीदाराला निवृत्तिवेतन मिळते, जे महिना एक हजाराच्या खाली जात नाही. त्यासाठी दहा वर्षांची अट नाही, योजनेत एका महिन्याचा भरणा असला तरी पुरतो. एकोणीसच्या शेडमध्ये तेच काम, तेच काळे पडलेले हात, तोच पगार, आणि यातले काहीही नाही. मला या विषयात सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट हीच आहे.

वीसचा आकडा आला कुठून? पीएफचा कायदा १९५२चा, म्हणजे गारगोटीत मौनी विद्यापीठ उभे राहिले त्याच वर्षीचा. सुरुवातीला तो सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड या सहाच उद्योगांना आणि पन्नास किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांनाच लागू होता. ईएसआयचा पाया त्याआधीचा. प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. त्यावरून १९४८चा कायदा झाला आणि १९५२च्या फेब्रुवारीत कानपूर-दिल्लीत योजना सुरू झाली. अडारकरांसमोर वर्षभर चालणारा कारखाना होता. तिथे फाटक असते, मस्टर असते, कारकून असतो, वर्गणी कापून भरणारे कुणीतरी जबाबदार असते. जिथे हे नाही तिथून वर्गणी गोळा करण्याचा खर्च वर्गणीहून जास्त होईल, ही त्या काळची खरी अडचण होती. म्हणून मोठ्यांपासून सुरुवात करून खाली यायचे, असा तो मार्ग होता. १९६० साली पीएफची मर्यादा पन्नासवरून वीसवर आली. म्हणजे खाली यायला सुरुवात झाली होती. त्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळ ती तिथेच थांबली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नवी सामाजिक सुरक्षा संहिता आली. ईएसआय फक्त अधिसूचित भागांपुरते असण्याची जुनी अट तिने काढली, ही चांगली गोष्ट झाली. पण पीएफसाठी वीस आणि ईएसआयसाठी दहा हे आकडे तसेच राहिले.

आज वर्गणी भरायला कारकून लागत नाही, पगाराचा चलन-तक्ता संगणकावर चढतो, कामगाराला कायमचा खातेक्रमांक असतो आणि शिल्लक मोबाइलवर दिसते. गारगोटीतले कापडदुकान दर महिन्याला जीएसटीचा हिशेब देते. तेव्हा गोळा करणे जमत नाही, हे १९५२चे कारण आज टिकत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात मात्र माणसांच्या मोजणीशिवाय आणखी दोन दारे बंद होतात, आणि ती इथल्या मातीशी जोडलेली आहेत. पहिले हंगामी कारखान्याचे. ईएसआयच्या कायद्यातून हंगामी कारखाने वगळले आहेत आणि त्यांच्या यादीत साखर आहे. कंसात गूळही नावाने लिहिला आहे. म्हणजे गुऱ्हाळावर दहाच्या जागी पंधरा माणसे असली तरी तो कायदा तिथे जात नाही. उकळत्या काहिलीजवळ उभा असणारा गुळव्या, चुलवाणात चिपाड लोटणारा, घाण्यात ऊस घालणारा. भाजण्याचा आणि हात सापडण्याचा धोका ज्यांना सर्वांत जास्त, तेच विम्याबाहेर. अपघात झाला तर १९२३च्या कायद्यातली आणि आता नव्या संहितेत आलेली कामगार भरपाईची तरतूद आहे, पण ती भरपाई एकट्या मालकाकडून वसूल करायची असते आणि त्यासाठी दावा लावावा लागतो. विमा असता तर उपचार आधी, वाद नंतर. भाजलेल्या माणसाला हा क्रम फार महत्त्वाचा असतो.

हंगामाचा प्रश्न यादीत नसलेल्या कामांनाही चिकटतो. ईएसआयमध्ये उपचार नोकरीसोबतच सुरू होतात, पण आजारपणातला पगार, म्हणजे सरासरी रोजाच्या सत्तर टक्के, मिळवण्यासाठी एका सहामाहीत साधारणपणे ७८ दिवसांची वर्गणी लागते. सहामाही एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काजूच्या शेडमध्ये मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत काम करणाऱ्या बाईचे दिवस या रेघेवर दोन तुकड्यांत पडतात. मार्चचे सव्वीस एका सहामाहीत, पुढचे पासष्टएक दुसरीत. नव्वदहून जास्त दिवस काम करून कुठल्याच सहामाहीत तिचे ७८ भरत नाहीत.

दुसरे दार सहकाराचे. पीएफच्या १९५२च्या कायद्याने एक सूट ठेवली: सहकारी संस्था असेल, पन्नासपेक्षा कमी माणसे असतील आणि यांत्रिक शक्तीशिवाय काम चालत असेल, तर कायदा लागू नाही. कोल्हापूर जिल्ह्यात या वाक्याची व्याप्ती किती मोठी आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. गावागावांत दूध संस्था, विकास सेवा संस्था, पतसंस्था. दूध संस्थेत सचिव, माप घेणारा, फॅट काढणारा असे तीन-चार जण. ते वीसच्याही खाली आहेत, सूट नसती तरी बाहेरच राहिले असते. खरा फरक पडतो तो चार-पाच शाखांच्या पतसंस्थेत. कायद्याने सगळ्या शाखा एकत्र मोजायच्या असतात. तशी मोजणी केली आणि तीस कर्मचारी भरले, तर खासगी फर्म असती तर पीएफ लागू झाला असता. सहकारी आहे आणि शक्तीवर चालणारे काम नाही, म्हणून सुटते. दोन्ही अटी एकत्र लागतात, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे. पंचवीस माणसांचा शीतकरण केंद्र चालवणारा सहकारी संघ या सुटीत बसत नाही. सहकारी संस्था नाजूक आहेत, त्यांना उभे राहू द्यावे, हा त्या सुटीमागचा हेतू समजण्यासारखा होता. पण पिग्मी गोळा करत ज्याची वीस वर्षे गेली त्या एजंटशेजारच्या शिपायाला आणि कॅशियरला, लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या संस्थेत स्वतःची ठेव नसावी, हे मला पटत नाही.

माणसांच्या आकड्यातून सुटलेला कामगार पगाराच्या आकड्यात अडकतो. गारगोटीची तरुण पोरे गोकुळ शिरगाव, कागल, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत जातात. तिथे कारखाना मोठा असतो, वीसचा प्रश्न येत नाही. पण पीएफची पगारमर्यादा सप्टेंबर २०१४ मध्ये ६,५०० वरून १५,००० झाली आणि त्यानंतर बरीच वर्षे तिथेच राहिली. आयटीआय करून आलेल्या पोराला पहिल्याच नोकरीत सोळा हजार मूळ पगार मिळाला आणि तो आधी कधी सभासद नव्हता, तर मालकाला त्याला बाहेर ठेवता येते. त्याचाच मित्र तीन वर्षांपूर्वी अकरा हजारांवर लागला, सभासद झाला, आज अठरा हजार घेतो, तरी तो आतच राहतो. कारण पीएफमध्ये रुजू होतानाचा पगार पाहतात. नोकरी शोधणाऱ्याने पहिल्या दिवशी भरायच्या घोषणापत्रात आधीच्या सभासदत्वाचा रकाना नीट भरावा तो यासाठी. पूर्वी कधी खाते उघडलेले असेल आणि ते मोडून पैसे काढलेले नसतील, तर नव्या पगाराच्या आकड्यावर त्याला बाहेर ठेवता येत नाही.

ईएसआयचा नियम वेगळा. तिथे पगार २१,००० च्या वर गेला की कामगार बाहेर पडतो, पण लगेच नाही. समजा मे महिन्यात पगार २०,८०० वरून २१,२०० झाला. सप्टेंबरपर्यंत वर्गणी चालू राहते आणि तिच्यावरचे लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतात. त्यानंतर चारशे रुपयांच्या वाढीने बायको, मुले, आईवडील यांच्या उपचाराचा आधार गेलेला असतो. ही मर्यादा जानेवारी २०१७ ची आहे. औषधांच्या आणि खाटेच्या किमती तेव्हाच्या राहिलेल्या नाहीत.

मर्यादा गोठली की पगारपत्रकही तिच्याभोवती वळते. मूळ पगार कमी दाखवून बाकीचे विशेष भत्ता, कपडे धुण्याचा भत्ता अशा नावांनी द्यायचे, म्हणजे वर्गणी कमी बसते. २०१९च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता हा पगारच आहे आणि त्यावर वर्गणी भरावी लागेल. कामगाराने आपली पावती पाहावी: दर महिन्याला, सगळ्यांना, काम कमीजास्त असो, सारखाच मिळणारा भत्ता दिसला तर तो वर्गणीतून वगळलेला असणे संशयास्पद आहे.

आता पुन्हा गारगोटीच्या गॅरेजकडे, जिथे माणसे खरोखरच सहा आहेत आणि कुणी काही लपवत नाही. त्यांना वाट आहे का? आहे. मालक आणि बहुसंख्य कामगार यांनी मिळून अर्ज केला तर वीसच्या खालच्या आस्थापनेलाही पीएफ स्वेच्छेने घेता येतो. अशा छोट्या आस्थापनेसाठी वर्गणीचा दर बाराऐवजी दहा टक्के आहे. सहा जणांचे १२,००० प्रमाणे ७२,००० पगार. मालकाचे दहा टक्के ७,२००, विम्याचे ३६०, प्रशासकीय खर्च किमान ५००. एकूण ८,०६० रुपये महिना. कामगाराचे माणशी १,२००. वीस वर्षांनी याच पगारावर निवृत्तिवेतन बसते सुमारे ३,७७१ रुपये, शिवाय साठलेली रक्कम वेगळी. असंघटित कामगारांसाठी २०१९ मध्ये आलेली श्रमयोगी मानधन योजना साठीनंतर तीन हजार देते, पण त्यात मालक एक पैसा घालत नाही. वर्गणी कामगार आणि सरकारची.

तरीही गॅरेजवाला अर्ज करत नाही, आणि तो कंजूष आहे म्हणून नव्हे. महिन्याचे ८,०६० म्हणजे सव्वीस दिवसांत रोजचे ३१० रुपये. दिवसाला पंधरा गाड्या येत असतील तर गाडीमागे एकवीस रुपये मजुरी वाढवावी लागेल. गिऱ्हाईक एकवीस रुपये देईलही. पण रस्त्यापलीकडचा गॅरेजवाला ते वाढवणार नाही, कारण त्याच्यावर सक्ती नाही. स्वेच्छेची वाट इथे अडते. एकट्याने चांगले वागण्याचा दंड एकट्यालाच बसतो. पोरांनाही कापलेले बाराशे आज हवे असतात. लग्न, घर, मोटारसायकलचा हप्ता समोर असतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्राने याला एकदा वेगळे उत्तर शोधले आहे. १९६९च्या माथाडी कायद्याने माणसे मोजणेच सोडून दिले. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्यात हमालाला एकच मालक नाही हे गृहीत धरले आहे. ठरावीक व्यवसायांत जो काम करून घेईल, मग तो एकाच हमालाकडून का असेना, त्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मंडळ पगार देते आणि त्या लेव्हीतून पीएफ, उपदान, सुट्ट्यांची मजुरी चालवते. दहा दुकानांत पोती वाहणारा माणूस त्यामुळे दहा दुकानांचा मिळून एक कामगार होतो. या मंडळांचे दोष आहेत. नोंदणी टाळणारे व्यापारी आहेत, माथाडीच्या नावाखाली वसुली करणाऱ्या टोळ्यांनी नाव खराब केले आहे, आणि अनुसूचीत नसलेल्या कामाला हा कायदा शिवत नाही. पण रस्त्यापलीकडचा व्यापारी भरतो का, हा प्रश्न त्याने सोडवला. सगळ्यांना एकाच दिवशी लागू, म्हणून भाव सगळ्यांचे सारखे वाढतात.

हीच गोष्ट देशपातळीवर करता येते, आणि त्यासाठी अफाट श्रीमंती लागत नाही. थायलंडने १९९० मध्ये सामाजिक विम्याचा कायदा केला तेव्हा त्यांचाही आकडा वीसच होता. तीन वर्षांनी तो दहा झाला. २००२ मध्ये एक.